मोसमाची सुरुवात की मध्य?

“भाजी सीझन सुरू झाला की लगेच घ्यावी, तेव्हाच माल स्वस्त आणि चांगला.”

चांगला असेलही, स्वस्त मात्र नाही. पहिली तोड थोडी असते, म्हणून भाव चढाच. मटाराचंच बघा. सुरुवातीला शेंगा हिरव्यागार दिसतात, पण सोलल्यावर दाणे बारीक निघतात, म्हणजे पैसे टरफलांचे. आवक भरात आली की भाव उतरतो आणि शेंगही भरते. शेवटी शेवटी मात्र उन्हामुळे दाण्यातल्या साखरेचा स्टार्च भराभर होतो. साल पिवळसर, सुरकुतलेली दिसली की दाणा पिठूळ समजा. एक शेंग फोडून चावूनच बघावी, विक्रेता कुरकुरला तरी. आणि घरी आणलेला मटार त्याच दिवशी फ्रीजमध्ये टाका. तोडल्यानंतरही गोडी उतरतच असते, अगदी भर मोसमातल्या मालाचीसुद्धा.