मदत हवी आहे: थायरॉईडची गोळी नियमित, तरी टीएसएच उतरत नाही

राजवाडा_इंदूर: आईचं (वय ५४) टीएसएच १४ आलं होतं. डॉक्टरांनी थायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम सुरू केली, सहा आठवड्यांनी तपासलं तर ११.२. सोमवारी दाखवायचंय, डोस वाढवतील बहुतेक. गोळी एकदाही चुकलेली नाही. साडेपाचला उठून गोळी, लगेच बाबांबरोबर चहा. साडेसातला पोहे, त्यावर कॅल्शियम आणि लोहाची गोळी, हिमोग्लोबिन कमी आहे म्हणून. डोसच कमी पडतोय की गोळी अंगी लागत नाहीये?

पोहे_शेव_जिरावण: चहा उशिरा घ्या, काम झालं. गोळी उपाशीपोटी गेली की पुढे काहीही खा. कॅल्शियम नाश्त्यानंतर आहे, ते ठीकच.

केमिस्टकाका: चहाचं बरोबर. गोळी नुसत्या पाण्याबरोबर, मग पाऊण-एक तास काही नाही. पण कॅल्शियमचं ठीक नाही हो. कॅल्शियम आणि लोह आतड्यात थायरॉक्सिनला धरून ठेवतात, ते रक्तात पुरेसं उतरत नाही. चार तासांचं अंतर हवं, इथे दोनच आहे. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर न्या, लोह रात्री.

सोमवारी डॉक्टरांना हा क्रम जसाच्या तसा सांगा. तो न कळता डोस वाढला आणि मग वेळा सुधारल्या, तर तोच डोस जास्त होईल. छातीत धडधड, हात थरथरणं, झोप उडणं सुरू होतं. वेळा बदलल्या तर पुढची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी, आधी केलीत तर टीएसएच अजून स्थिरावलेलं नसतं.

सुखलिया: माझं थायरॉईड वाढलेलं आहे, कार्बिमाझोल चालू आहे. मीही चहा उशिरा घेऊ का?

केमिस्टकाका: तुमचा आजार उलट, औषधही वेगळं. हा नियम तुम्हाला नाही.

राजवाडा_इंदूर: पहाटेचा चहा सुटणं कठीण आहे, तो बाबांचा नेम. गोळी रात्री घेतली तर?

केमिस्टकाका: चालते, पण शेवटच्या घासानंतर निदान तीन तासांनी. आमच्या इंदुरात नवाला जेवण, वर सराफ्याची चक्कर, म्हणजे बारा वाजले! शिवाय मग लोह रात्री नाही, दुपारी चारला घ्यायचं आणि कॅल्शियम सकाळच्या नाश्त्यानंतरच राहू द्या. ॲसिडिटीची गोळी असेल तर तीही सांगा, तिनेही शोषण घटतं.

वहिनी_विजयनगर: रक्त द्यायच्या दिवशी गोळी घेऊन जायचं ना? आमचे डॉक्टर हो म्हणतात.

केमिस्टकाका: टीएसएचला एका दिवसाच्या गोळीने फरक पडत नाही. फ्री टी४ मात्र गोळीनंतर काही तास चढलेलं दिसतं, म्हणून मी रक्त दिल्यावर घ्यायला सांगतो. तुमचे डॉक्टर फक्त टीएसएच बघत असतील.

राजवाडा_इंदूर: आईच्या ॲसिडिटीच्या गोळ्या सापडल्या, डब्यात सुटी पाकिटं आहेत. रोज घेते का, विचारते. ११.२ कशामुळे, ते मात्र अजून कळलं नाही.

केमिस्टकाका: वेळा बदलून पुन्हा तपासल्याशिवाय कळणारही नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय डोसला हात लावू नका.