मदत हवी आहे: चॅटवर त्याचे जोक घसरायला लागले की गाडी परत कशी वळवायची?

अबोली_पुणे: बोलणं मजेत चालू असतं आणि मध्येच त्याचे जोक फार खालच्या थराला जातात. माणूस तोडायचा नाहीये, भाषणही द्यायचं नाहीये. काय टाइप करू? लवकर सांगा, आज रात्री परत मेसेज येणार.

खवचट_काका: कोण तो? ऑफिसातला, मित्र, की शाळेचा ग्रुप?

अबोली_पुणे: स्थळ आहे हो. कांदेपोहे झालेत, दोन्ही घरांना पसंत आहे.

निशाचर: ब्लू टिक देऊन गप्प बसायचं. आपोआप कळतं.

मीरा_ताई: नाही कळत. त्याला वाटतं झोपली, उद्या पुन्हा तेच. अबोली, नेमकं काय लिहिलं त्याने आणि तू काय पाठवलंस?

अबोली_पुणे: राजमाचीच्या ट्रेकचं चाललं होतं. तर म्हणे, "तंबूत थंडी असते, पांघरूण एकच आणू ना?" पुढचं इथे लिहिण्यासारखं नाही. मी हसणारी इमोजी टाकली. दुसरं काय टाकणार?

मीरा_ताई: ती इमोजी त्याला पावती वाटते. पहिल्या वेळी मेसेजमधला साधा भाग उचल, त्यावरच बोल: "पांघरूण आपापलं. वर पिठलं-भाकरी मिळते का ते सांग." चेष्टा चालू राहते, फक्त तिची दिशा तू ठरवतेस. तरीही तिकडेच गेला तर नेमका तोच मेसेज उजवीकडे सरकवून, त्यालाच उत्तर दे: "असले जोक मला नकोत. ट्रेकचं बोल." इमोजी नाही, "प्लीज" नाही, कारणही नाही. कारण दिलंस की तो त्यावर वाद घालत बसेल. "ट्रेकचं बोल" मात्र हवंच, नाहीतर तो ओशाळून गप्प होईल आणि तुला वाटेल रुसला.

निशाचर: इतकं नाटक कशाला? मुलं मित्रांत असंच बोलतात.

मीरा_ताई: मित्रांत बोलू देत. सांगितल्यावर काय करतो ते बघायचं. "बरं" म्हणून पुढे गेला तर विषय संपला. "तुला गंमतच कळत नाही" म्हणाला तर प्रश्न जोकचा उरत नाही.

वकीलसाहेब: भारतीय न्याय संहिता, कलम ७५. अश्लील शेरेबाजी हा गुन्हा आहे. स्क्रीनशॉट ठेवा.

खवचट_काका: साहेब, पोरगी लग्न ठरवतेय, खटला नाही.

वकीलसाहेब: स्क्रीनशॉटला पैसे पडत नाहीत.

गडप्रेमी७२: राजमाचीला उधेवाडीत घरगुती जेवण मिळतं. लोणावळ्याहून चालत जाणार की कोंढाणे लेण्यांच्या बाजूने?

मीरा_ताई: रात्री किती वाजता सुरू होतं हे?

अबोली_पुणे: अकराच्या पुढे. दिवसा एकदम सभ्य असतो.

मीरा_ताई: मग साडेदहालाच "उद्या बोलू" म्हणून तूच उठ. निम्मं तिथेच थांबेल.

निशाचर: म्हणजे लग्नानंतरही साडेदहाला उठायचं का?

अबोली_पुणे: पिठलं-भाकरीवर थांबला नाही, म्हणून दुसरं वाक्य जसंच्या तसं पाठवलं. उत्तर आलं, "बरं मॅडम", आणि हात जोडलेली इमोजी. हे "बरं" समजायचं की टोमणा?

खवचट_काका: "मॅडम" आलं म्हणजे टोमणा.

मीरा_ताई: आत्ता नाही सांगता येणार. उद्या रात्री काय लिहितो ते बघ.