अनुभव धागा: ताईले साडी, भाऊले काम?

पांढरीमाती (यवतमाळ जिल्हा)
मागच्या महिन्यात तालुक्याच्या ग्रुपवर दोन पोस्टा आल्या. दोघांचाही विषय एकच होता: 26 जानेवारीची ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूब न होऊ देता 100 मतदार कसे बसवले. एक पोस्ट आमच्या सरपंचताईंची, दुसरी शेजारच्या गावच्या सरपंचांची. ताईंनी वाड्यावाड्यात आधी महिला सभा घेतली, सरपंचांनी कापूस वेचणीची वेळ पाहून सभा दुपारी ठेवली. दोघांचंही कामाचंच लिहिलेलं.

मी खालची उत्तरं कागदावर काढली. ताईंना 31 आली. त्यात कामाबद्दल 9, ताईंबद्दल 12, बाकी नुसते नमस्कार नि फुलं. सरपंचांना 22, त्यात कामाबद्दल 13 आणि त्यांच्याबद्दल 3. ताईंच्या पोस्टखाली "साडी छान शोभते", "घर सांभाळून कसं जमतं हो ताई", आणि एकानं तर "भाऊंनी लिहून दिलं का?" असंच विचारलं. तुमच्याकडे काय दिसतं? आठवणीवर नको, मोजून सांगा.

वऱ्हाडीभाऊ
मले तं त्या ग्रुपवर दारुड्या म्हटलं होतं. मी बाई नाई. वैयक्तिक तं सगळ्यायलेच बोलतात, काहून बायांचंच मोजता?

पांढरीमाती
तुमचंही मोजते, बाप्पा. त्या सरपंचांच्या तिनातलं एक शिवीसारखंच होतं. पण ताईंच्या बारा उत्तरांत शिवी एकही नाही, सगळं गोडच आहे. मला खटकतं ते हेच.

संत्राबाग
फोटोचा खेळ आहे सगळा. ताईंनी फोटो टाकला असेल, त्यांनी नसेल. फोटो काढा, फरक संपला.

निवृत्त_मास्तरीण (अमरावती)
फोटोचं अर्धं बरोबर आहे, पण मोजण्यातल्या दोन खाचा आधी सांगते. "ताई", "वहिनी" हे शब्द वैयक्तिक धरू नका. आपल्याकडे पुरुषालाही "भाऊ", "दादा" म्हटल्याशिवाय कोणी बोलत नाही. नात्याचा शब्द दोन्हीकडे सारखाच चिकटतो, म्हणून तो वेगळ्या रकान्यात ठेवा. त्यापेक्षा "तू" आणि "तुम्ही" पाहा. अनोळखी माणसानं सरपंचबाईला "तू" म्हटलं का, हे जास्त सांगून जातं.

दुसरं, नावं झाकून दुसऱ्या कुणाकडून वर्गवारी करून घ्या. लिहिणारा कोण हे माहीत असलं की आपलाच हात झुकतो. इथं मराठी मदत करते. "मी सभा घेतली" यात बाई की पुरुष कळत नाही, "मी गेले" म्हटलं की कळतं. उत्तरात "तुम्ही छान बोलता" यातूनही कळत नाही. "बोलतेस" आलं की पट्टी लावून उपयोग नाही, ते उत्तर बाजूला ठेवा.

2017 मध्ये ॲलिस वू या विद्यार्थिनीनं अमेरिकेत अर्थशास्त्रातल्या नोकऱ्यांवरच्या निनावी चर्चा तपासल्या होत्या. बायकांचा उल्लेख आला की दिसण्याचे, घरचे शब्द वाढत, पुरुषांचा आला की विषयाचे. पण ती *त्यांच्याबद्दलची* चर्चा होती, *त्यांना दिलेली* उत्तरं नव्हेत. तुमचा प्रश्न वेगळा आहे.

पांढरीमाती
मास्तरीणबाई, पट्टी लावून पुतणीकडून पुन्हा करून घेतलं. तिनं एक उत्तर इकडचं तिकडं केलं. "तुमच्यासारखं धाडस हवं" हे तिच्या मते कामाबद्दल, माझ्या मते माणसाबद्दल. बाकी जुळलं.

संत्राबाग यांचंही तपासलं. ताईंनी परवा नाल्यावरच्या बंधाऱ्याबद्दल फोटो न टाकता लिहिलं. 18 उत्तरं आली, माणसाबद्दल 5. आधीच्या 12 मध्ये कपड्या-चेहऱ्याची 7 आणि घर-नवऱ्याची 5 होती. आता कपड्याचं 1 उरलं, घर-नवऱ्याची 4. म्हणजे फोटो गेला तशी साडी गेली, भाऊ मात्र तिथंच बसलेले आहेत.

संत्राबाग
अठरा म्हणजे मूठभर. आणि बंधारा नि ग्रामसभा हे विषय एक नाहीत.

पांढरीमाती
खरं आहे ते.

अंगणवाडी_12
मला एक विचारायचं आहे. "रणरागिणी", "दुर्गा" कुठं टाकता? माझ्या कुपोषणाच्या पोस्टखाली चार रणरागिण्या आल्या. वजनकाट्याची मागणी केली होती त्यावर एकानंही लिहिलं नाही. शेवटी काटा कधी येणार ते मीच खाली पुन्हा विचारलं.

निवृत्त_मास्तरीण
माणसाबद्दलच टाका. गौरव असला तरी मजकुराला उत्तर नाही.

वऱ्हाडीभाऊ
मंग पुरुषाले "वाघ" म्हणतात ते?

निवृत्त_मास्तरीण
तेही तिथंच. वाघ किती येतात ते मोजा.

पांढरीमाती
शेजारच्या सरपंचांनी एक कबूल केलं आहे. 1 मेच्या ग्रामसभेची पोस्ट ताई लिहिणार आणि ते आपल्या नावानं आपल्या ग्रुपवर टाकणार, अक्षरही न बदलता. त्यांच्या ग्रुपवर अनोळखी लोक कमी आहेत, म्हणून उत्तरं ओळखीतली येतील, हा घोळ राहणारच. वजनकाट्याचं काय झालं ते आधी सांगा.

अंगणवाडी_12
अजून नाही आला.