भाऊ फोटोत बसवला, पण चिकटवल्यासारखा दिसतोय. नॉइज कुठे टाकायचा?

गंगापूररोडची मुग्धा: गोदाघाटावर आरतीनंतर घरच्यांचा फोटो काढला. आयएसओ 6400, अ‍ॅपर्चर 1.8. धाकटा भाऊ बंगळुरूला असतो, म्हणून त्याचा मोबाइलवरचा भर दुपारचा फोटो कापून, लहान करून मागच्या रांगेत बाबांशेजारी बसवला. रंग-उजेड जुळवला, तरी तो पुठ्ठ्याचा वाटतो. आजीसाठी 12 बाय 18 ची प्रिंट काढायची आहे. सगळ्या फोटोवर नॉइज टाकू की फक्त त्याच्यावर?

द्वारका सर्कल: सगळ्यावर टाक ना. वरून एकच थर दिला की सगळं एकजीव होतं. मी लग्नाच्या फोटोंना असंच करतो, आजवर कुणी बोट ठेवलेलं नाही.

तांबट आळी: एकजीव होत नाही, फरक फक्त कमी होतो. मूळ फोटोत नॉइज 6 आणि भावावर शून्य धरा. वरून सगळीकडे 6 टाकलात तर मूळचा 12 नाही, साधारण साडेआठ होतो आणि भावावर 6 येतो. दरी राहिलीच, वर आजीचा चेहरा फुकट खरबरीत झाला. फक्त भावावरच टाका.

पण मुग्धाताई, त्याआधी धार जुळवा. मोबाइल स्वतःच फोटो तासून देतो, कॉलरच्या कडेला बारीक पांढरी रेघ दिसेल. शिवाय 1.8 वर फोकस पुढच्या रांगेवर असणार, मागचे बाबा थोडे मऊच आलेले असतील. त्यामुळे तुलना आजीशी नको, बाबांशी करा. ते भावाइतक्याच अंतरावर आहेत. भावाचा आकार कायम करा, मग 100 टक्के झूमवर दोघांच्या भुवया शेजारी ठेवून Gaussian Blur अर्ध्या पिक्सेलपासून वाढवत न्या. नॉइज त्यानंतर. आधी नॉइज टाकून मग ब्लर केलात तर टाकलेला नॉइजच पुसला जातो.

द्वारका सर्कल: धारेचं मान्य. नॉइजसाठी राखाडी लेयर, मोड Overlay, बस्स.

तांबट आळी: Overlay गडद भागात जवळजवळ काहीच करत नाही, आणि रात्रीच्या फोटोत नॉइज नेमका सावलीतच उठून दिसतो. गालावर दाणा आणि काळ्या शर्टावर काहीच नाही, असं होईल. 50 टक्के राखाडीचा लेयर भावाला क्लिप करा, मोड Linear Light ठेवा, Add Noise मध्ये Gaussian निवडा आणि जोर ओपॅसिटीने आवरा. कॅमेऱ्यातून आलेल्या जेपेगचा दाणा एका पिक्सेलचा नसतो, थोडा पसरट असतो. म्हणून त्या नॉइज लेयरला 0.6 पिक्सेलच्या आसपास ब्लर द्या. मग जोर घटतो, तो पुन्हा वाढवायचा.

डोळ्यांवर भरवसा नसेल तर मोजा. बाबांच्या जाकिटाचा सपाट काळा तुकडा निवडून Histogram पॅनेलमध्ये Std Dev बघा, मग भावाच्या शर्टाचा तेवढाच काळा तुकडा. आकडा जुळला तरी दाण्याचा आकार चुकलेला असू शकतो, तो डोळ्यांनीच ठरतो. निळा चॅनेल एकटा उघडून बघा, खोटं तिथे आधी पकडलं जातं.

मेनरोडचा स्टुडिओवाला: एवढा उपद्व्याप कशाला? उलट करा, मूळ फोटोचा नॉइज काढून टाका, दोघे सारखेच गुळगुळीत होतात. गिऱ्हाइकाला तेच आवडतं. लॅमिनेशन झाल्यावर दाणा कोण मोजतंय!

तांबट आळी: दाणा नाही मोजत, पण एकच चेहरा मेणाचा असला तर लांबूनही खटकतो. आणि 6400 चा नॉइज पुरता काढायला गेलात तर आजीच्या सुरकुत्या आणि नऊवारीचे काठ धुऊन निघतात.

स्टुडिओवाला: थोडा काढायचा हो, पुरता कोण म्हणतंय? निम्मा तिकडून काढा, निम्मा इकडे टाका. आमच्याकडे रोज चालतं.

तांबट आळी: मोठ्या प्रिंटसाठी चालेल. मी तरी मूळ फोटोला हात लावत नाही.

ओझरचे नाना: आमच्या थोरल्या बंधूंच्या लग्नाचा 1978 चा फोटो स्कॅन केलाय, सगळीकडे बारीक जाळी दिसते. त्यात आईंना बसवायचंय. हाच उपाय का?

तांबट आळी: नाही नाना, ती कागदाची जाळी आहे, तिचा नक्षीसारखा क्रम असतो. Add Noise चा दाणा कुठेही पडतो, तो वेगळाच दिसेल. त्याच स्कॅनमधल्या रिकाम्या भिंतीचा तुकडा घेऊन त्याची जाळी आईंवर चढवावी लागेल. फोटो टाका, बघू.

मुग्धा: केलं! Std Dev बाबांकडे 6.1, भावाकडे 5.8. चेहरा बसला, पण केसांची कड अजून कात्रीने कापल्यासारखी वाटते.

द्वारका सर्कल: नॉइज वाढव अजून.

तांबट आळी: नॉइज नको. आतला भाग मऊ केलात, मास्कची कड मात्र तशीच धारदार राहिली. मास्कलाही तेवढाच ब्लर द्या. दुपारच्या आकाशाची निळसर झाक केसांत उरली असेल तर ती वेगळी काढावी लागेल.