गिऱ्हाईकाच्या हॉलच्या फोटोत आपला सोफा नीट कसा बसवायचा? बजेट ५ हजार

लाकूडवाली
नमस्कार मंडळी. सांगलीत आमचं फर्निचरचं छोटं दुकान आहे. हल्ली गिऱ्हाईक हॉलचा फोटो पाठवतं आणि म्हणतं, ताई यात तो ग्रे सोफा टाकून दाखवा ना. मी सोफ्याच्या फोटोची पांढरी पाठ काढून मोबाईलवरच चिकटवते, अंदाजाने लहानमोठा करते. गेल्या महिन्यात गंमत झाली म्हणजे गंमत नाहीच. साडेसहा फुटी थ्री सीटर फोटोत मस्त बसला होता, बाल्कनीच्या दारापर्यंत जागा राहत होती. प्रत्यक्षात नेला तर सोफ्याचा हात दाराच्या चौकटीवर. टेम्पोभाडं दोन्ही वेळचं आम्ही भरलं.
तर कुठलं सॉफ्टवेअर किंवा अॅप घेऊ? बजेट ५ हजार, लॅपटॉप जुना आहे, ८ जीबी रॅम.

बाणेरी_बाबू
५ हजारात काही होत नाही ताई, स्पष्टच सांगतो. मी मागच्या दिवाळीत ग्राफिक कार्डवालं मशीन बांधून घेतलं, सव्वा लाख गेले, पण आता ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर असा पळतो की बघत राहावं. एकदाच पैसे घाला, रडत बसू नका.

सुतारपुत्र
बाबू, त्यांनी बजेट लिहिलंय हो वर.
ताई, फोटोबिटो सोडा. आमचे वडील जुने पेपर जोडून सोफ्याच्या मापाचा कागद करायचे आणि गिऱ्हाईकाच्या फरशीवर अंथरायचे. त्यावरून चालून बघा म्हणायचे. चाळीस वर्षांत एक वस्तू परत आली नाही.

मीनल_क
सोफा घेणारच असाल तर ग्रे घेऊ नका, आमच्याकडे मांजर आहे, सहा महिन्यांत वाट लागली. लेदरेट घ्या, पुसता येतं.

लाकूडवाली
मीनलताई, मी घेत नाहीये हो, विकतेय :)

कोथरूडचा_काका
सोपं आहे. फोटोत एखादी माहितीची वस्तू धरायची. दरवाजा साधारण ७ फुटी असतो. फोटोत दरवाजा किती पिक्सेल ते मोजायचं, त्या हिशोबाने सोफा करायचा. शाळेतलं त्रैराशिक. सॉफ्टवेअर कशाला लागतंय.

लाकूडवाली
काका, मी नेमकं तेच केलं होतं! दार त्याच भिंतीत आहे, सोफाही त्याच भिंतीला लावायचा होता. तरी चुकलं.

भटक्या७७
व्हॉट्सअॅपवर फोटो दबतो त्यामुळे माप चुकतं. डॉक्युमेंट म्हणून मागवायचा फोटो. माझा असाच एक अनुभव आहे, पासपोर्टचा फोटो पाठवला होता तर ऑफिसवाला म्हणे साइज चुकीची, तीन चकरा झाल्या.

तिरपी_रेघ
ताई, मी बिल्डरांसाठी फ्लॅटची चित्रं बनवतो, हे रोजचं काम आहे. फोटो दबला तरी उंची-रुंदीचं प्रमाण तेच राहतं, त्याने माप चुकत नाही. तुमची चूक काकांच्या त्रैराशिकात आहे. दरवाजा भिंतीत आहे, पण सोफ्याची पुढची बाजू भिंतीपासून ८५ सेमी पुढे, म्हणजे कॅमेऱ्याच्या जवळ असते. जवळचं मोठं दिसतं. तुम्ही पुढच्या बाजूला भिंतीचं माप दिलंत.
तुमच्याकडे तो फोटो अजून असेल तर एवढं करा. फरशीच्या तुमच्यापासून लांब जाणाऱ्या दोन रेघा पट्टी लावून पुढे वाढवा, त्या जिथे मिळतात त्या उंचीवर एक आडवी रेघ मारा. ही रेघ म्हणजे फोटो काढणाऱ्याच्या कॅमेऱ्याची उंची, आणि समतल जमिनीवरच्या कुठल्याही वस्तूवर, जवळच्या किंवा लांबच्या, ती त्याच उंचीवरून जाते. आता सांगा, दाराच्या तळापासून त्या रेघेपर्यंत किती पिक्सेल आणि अख्खं दार किती.

कोथरूडचा_काका
माझं त्रैराशिक बरोबरच आहे, फक्त ते कुठे वापरायचं हा प्रश्न आहे.

बाणेरी_बाबू
लेन्समुळे होतं हे. मोबाईलची लेन्स वाइड असते, पर्स्पेक्टिव्ह बिघडवते. चांगला कॅमेरा घेतला की प्रश्न मिटला.

तिरपी_रेघ
पर्स्पेक्टिव्ह उभं राहण्याच्या अंतरावर ठरतं बाबू, लेन्स फक्त किती भाग पकडायचा ते ठरवते. पण मोबाईलच्या ०.५ झूमवर काढलेला फोटो घेऊ नका हे खरं, त्यात कडेच्या वस्तू ताणल्या जातात. गिऱ्हाईकाला १ वरच काढायला सांगा.

लाकूडवाली
मोजलं. फोटो ४००० बाय ३००० आहे. रेघा मिळाल्या त्या जवळपास मध्यावर, वरून १५०० वर. दाराच्या तळापासून तिथपर्यंत १०००, अख्खं दार १४००. दार २१० सेमी, हे माहीत आहे.

तिरपी_रेघ
छान. १००० भागिले १४०० गुणिले २१०, म्हणजे १५० सेमी. फोटो काढणाऱ्याने मोबाईल पाच फुटांवर धरला होता.
आता सोफ्याचे पुढचे पाय फरशीवर कुठे येतील ते बघा. दोन फुटी फरशी असेल तर भिंतीपासून एक फरशी ६० सेमी आणि वर २५. फक्त भिंतीलगतची फरशी पुष्कळदा कापलेली असते, ती पूर्ण धरू नका, फसाल. त्या जागेपासून वरच्या रेघेपर्यंत किती?

लाकूडवाली
भिंतीलगतची कापलेलीच निघाली, बरं झालं सांगितलंत. गिऱ्हाईकाला फोन करून विचारलं, तो तुकडा ३० सेमीचा आहे. म्हणजे तुकडा अधिक जवळपास पूर्ण एक फरशी. तिथून रेघेपर्यंत १२३० आलं.

तिरपी_रेघ
म्हणजे तिथे १२३० पिक्सेल बरोबर १५० सेमी, एका सेमीला ८.२. तुमचा सोफा साडेसहा फूट, २०० सेमी धरा, समोरून १६४० पिक्सेल रुंद दिसायला हवा. तुम्ही दारावरून काढलात तेव्हा १४०० भागिले २१०, एका सेमीला ६.६७, म्हणजे १३३३ पिक्सेलचा टाकला असणार. तेवढा दिसणारा सोफा तिथे प्रत्यक्षात सव्वापाच फुटी असतो. सव्वा फूट तिथे गेला.

लाकूडवाली
१३४० होता. आत्ता जुनी फाइल उघडून बघितली. काय बोलू.

सुतारपुत्र
पेपर अंथरला असता तर पाच मिनिटांचं काम होतं.

मीनल_क
आमच्या हॉलला जुनी मोझॅक आहे, रेघाच दिसत नाहीत. तिथे काय करणार?

तिरपी_रेघ
खिडकीची चौकट, भिंतीचा स्कर्टिंग, समांतर लांब जाणारं काहीही चालतं. नसेल तर ए फोर कागद जमिनीवर ठेवायला सांगा, २९.७ बाय २१, पण एवढ्या लहान कागदाच्या कडा वाढवून रेघ शोधली तर चूक बरीच होते. दोनतीन कागद एका ओळीत लांब ठेवले तर बरं.
आता दुसरी अडचण, ही मापाने सुटत नाही. ताई, सोफ्याचा स्टुडिओतला फोटो कुठल्या उंचीवरून काढलाय? सोफ्याच्या दोन्ही हातांच्या वरच्या कडा मागे वाढवून बघा, कुठे मिळतात.

लाकूडवाली
पाठीच्या वरच्या कडेवरच मिळतात साधारण.

तिरपी_रेघ
मग कॅमेरा सोफ्याच्या पाठीच्या उंचीवर, ८५ सेमीवर होता. फोटोवाले असंच खाली वाकून काढतात, सोफा भारदस्त दिसतो. पण तिथून बसायची गादी चपटी पट्टी दिसते, आणि पाच फुटांवरून बघणाऱ्याला ती चांगली रुंद दिसायला हवी. जी गादी फोटोत आलीच नाही ती कुठलंही सॉफ्टवेअर ताणून आणणार नाही. ताणलीत तर शिवणीच्या रेघा वाकड्या होतात आणि हात भोपळ्यासारखे फुगतात. हाच सोफा चिकटवला तर माप बरोबर असूनही तो मागे रेलल्यासारखा वाटतो, बघणाऱ्याला कळत नाही काय खटकतंय.
कपाट, टीव्ही युनिट यांचं तसं नाही. समोरून काढलेला सपाट दर्शनी भाग असतो, तो पर्स्पेक्टिव्ह टूलने चार कोपरे ओढून बाजूच्या भिंतीवरसुद्धा बसवता येतो. फक्त जाडी दिसायला हवी असेल तर ती वेगळी रंगवावी लागते.
सोफ्याला एकच इलाज. दुकानात पाच फूट उंचीवर मोबाईल, सोफ्याच्या पुढच्या बाजूपासून १२ फूट लांब, मोबाईल सरळ, खाली न झुकवता, असा फोटो काढून ठेवा. गिऱ्हाईकाच्या फोटोतही साधारण तेवढंच अंतर असतं. झुकवला तर भिंतींच्या उभ्या कडा खाली आत येतात आणि उंचीचा हिशोब बिघडतो. गिऱ्हाईकालाही हेच सांगा.
सॉफ्टवेअर गिम्प, फुकट आहे, ८ जीबीत चालतं. सोफ्याखालची सावली वेगळ्या लेयरवर, मोड मल्टिप्लाय. पायाजवळ गडद, लांब जाईल तशी पुसट, खिडकीच्या विरुद्ध बाजूला थोडी जास्त.

भटक्या७७
फोटो क्रॉप केलेला असेल तर चालेल का हे सगळं?

तिरपी_रेघ
फरशीच्या रेघा वाढवून काढलंत तर चालेल. फोटोचा मध्य म्हणजे कॅमेऱ्याची उंची असं धरून चालणाऱ्यांचं मात्र चुकतं.

कोथरूडचा_काका
हेच मी म्हणत होतो, अंतर महत्त्वाचं.

बाणेरी_बाबू
एवढा खटाटोप करण्यापेक्षा सोफ्याचं थ्रीडी मॉडेल करून घ्या ना एकदाच. मग कुठल्याही उंचीवरून बघा. एफस्पाय नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, फोटोतल्या रेघा दिल्या की कॅमेरा कुठे होता ते काढून ब्लेंडरला देतं.

तिरपी_रेघ
हे मात्र बरोबर बोललात. पण कापडाचा सोफा नीट मॉडेल करायचं एकाचं बिल ताईंच्या बजेटात बसेल असं वाटत नाही.

लाकूडवाली
सगळ्यांचे आभार. काय ठरवलं ते सांगते, रागावू नका.
गिम्प उघडलं आणि बंद केलं, दुकान सांभाळून मला नाही जमायचं ते. मोबाईलवरच चिकटवणार, पण आकडा कॅल्क्युलेटरवर काढून. जास्त खपणाऱ्या चार सोफ्यांचे फोटो काल पुतण्याने काढले, पाच फूट उंचीवर बांबूला खूण करून, १२ फुटांवरून. खर्च शून्य. बाकीचे सोफे फोटोत टाकून मागितले तर सरळ नाही म्हणणार. आणि सावली-बिवली करणार नाही. फोटो अगदी खरा वाटला की गिऱ्हाईक त्याच्यावरच भांडतं. चिकटवलेला दिसू दे, माप तेवढं बरोबर असलं म्हणजे झालं.

तिरपी_रेघ
सावली नसली तर सोफा तरंगतो ताई, आणि तरंगणारा सोफा कुठे टेकलाय तेच कळत नाही. मग तो पुढे आहे की मागे हे ज्याचं त्याने ठरवायचं, म्हणजे मापही गेलं. निदान पायांखाली काळी पट्टी तरी द्या.

लाकूडवाली
पट्टी देते. तेवढीच.

सुतारपुत्र
आणि पेपर?

लाकूडवाली
डिलिव्हरीच्या पोराकडे सोफ्याच्या मापाची जुनी चादर शिवून दिलीय. माप घ्यायला जाईल तेव्हा अंथरून येईल. तुमच्या वडिलांना सांगा.

मीनल_क
चादर कुठल्या रंगाची?