मदत हवी आहे: रोजच्या रिपोर्टसाठी क्रॉन पुरेल की एअरफ्लो घ्यावा?

मंडळी, रत्नागिरीत आमची मासळी प्रक्रिया करणारी छोटी कंपनी आहे. पहाटे 5 ला क्रॉन मिरकरवाडा बंदरावरच्या खरेदीच्या नोंदी ओढतो, 5:30 ला रिपोर्ट बनतो, 6 ला मालकांना मेल जातो.

गेल्या आठवड्यात नेट रखडलं आणि नोंदी यायला 50 मिनिटं लागली. 5:30 चं काम मात्र ठरल्या वेळी सुरू झालं आणि अर्ध्याच नोंदींवर रिपोर्ट गेला. एरर कुठेच नाही. सुरमईचं वजन फारच कमी दिसलं, म्हणून कळलं. क्रॉन फक्त घड्याळ बघतो, आधीचं काम संपलं की नाही ते नाही.

तिन्ही कामं एका स्क्रिप्टमध्ये `set -e` लावून ओळीने ठेवायचा विचार आहे:

```
0 5 * * * flock -n /tmp/report.lock /opt/report/run.sh
```

पण वीज गेल्याने 5 ला मशीन बंद असेल, तर तो दिवस सुटतोच. एअरफ्लो चुकलेले दिवस भरून काढू शकतो, पण त्याचा शेड्युलर आणि डेटाबेस सतत चालू ठेवावा लागतो. आमचं मशीन 2 जीबीचं, सांभाळणारी मी एकटी.

तीनच कामांसाठी एवढा पसारा मला जास्त वाटतो. तारीख देऊन स्क्रिप्ट हाताने परत चालवणं पुरतं का? तुम्ही क्रॉन नेमका कधी सोडलात?