मदत हवी आहे : ‘पूर्णमदः’मध्ये ‘तत्’ का नाही?

वाचक, अंबाजोगाई :
आमच्याकडे दर एकादशीला पाच-सहा जण मिळून उपनिषदे वाचतो. सध्या बृहदारण्यकाच्या पाचव्या अध्यायाच्या आरंभीच, ‘पूर्णमदः पूर्णमिदं’ या मंत्रापाशी अडलो आहोत. सर्वनामांविषयी पाठशाळेत पाठ केलेली कारिका अशी :

इदमस्तु सन्निकृष्टं समीपतरवर्ति चैतदो रूपम् ।
अदसस्तु विप्रकृष्टं तदिति परोक्षे विजानीयात् ॥

म्हणजे जवळच्याला ‘इदम्’, अगदी जवळच्याला ‘एतद्’, दूर असूनही दाखवता येते त्याला ‘अदस्’, आणि दृष्टीआड असलेल्याला ‘तद्’. ब्रह्म डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे या हिशेबाने मंत्रात ‘तत्’ यायला हवे होते. शांकरभाष्यात तर ‘अद इति परोक्षाभिधायि सर्वनाम’ असे म्हटले आहे, म्हणजे कारिकेने ‘तद्’ला दिलेले काम आचार्य ‘अदस्’ला देतात. मराठीत दोन्हींसाठी ‘ते’च असल्याने भाषांतर वाचून काहीच उलगडत नाही. या दोहोंचा मेळ कसा घालावा?

छंदोभ्यासी :
कारण छंदाचे आहे. ‘पूर्णमदः पूर्णमिदं’ या चरणात आठ अक्षरे आहेत. ‘पूर्णं तत् पूर्णमिदं’ केले तर सात होतात आणि अनुष्टुभाचा चरण तुटतो. त्यापलीकडे अर्थ शोधण्याची गरज मला वाटत नाही.

शिक्षिका, लातूर :
माझ्या दहावीच्या वर्गातही हाच गोंधळ होतो. मुले ‘एषः’ आणि ‘अयम्’ कुठेही एकमेकांच्या जागी लिहितात. परीक्षेत दोन्हींना गुण द्यावेत का, याविषयी कोणी सांगितले तर बरे होईल.

व्याकरणाचा विद्यार्थी, परभणी :
ताई, दोन्हींचा अर्थ ‘हा’ असल्याने साध्या वाक्यात मी गुण कापणार नाही, पण धाग्याचा प्रश्न वेगळा आहे.

छंदोभ्यासी यांची अक्षरमोजणी बरोबर आहे, निष्कर्ष मात्र अपुरा आहे. ‘पूर्णं तद्वै पूर्णमिदं’ असे म्हटले की आठ अक्षरे भरतात आणि ‘वै’ तर उपनिषदांत पावलोपावली येतो. म्हणून निवड केवळ छंदाने झाली असे म्हणता येत नाही.

माझ्या मते कारिकेची चार घरे एकाच रांगेत अंतराप्रमाणे मांडली की चूक होते. ‘इदम्’ आणि ‘अदस्’ ही हात करून दाखवण्याची जोडी आहे : ‘अयं लोकः’ म्हणजे हा भूलोक, ‘असौ लोकः’ म्हणजे तो वरचा. ‘तद्’ बहुधा बोट दाखवत नाही, आधी सांगितलेले किंवा ठाऊक असलेले उचलून घेते, आणि म्हणूनच ते ‘यद्’चा जोडीदार आहे. केनोपनिषदात ‘यद्वाचानभ्युदितं’ अशी सुरुवात होते म्हणून पुढे ‘तदेव ब्रह्म त्वं विद्धि’ येते, आणि ज्याची लोक समोर ठेवून उपासना करतात ते ‘नेदं’ म्हणून नाकारले जाते. आपल्या मंत्राआधी ‘यत्’ नाही. तिथे ‘तत्’ आले असते तर ऐकणाऱ्याने ‘कोणते?’ असे विचारले असते.

दोन्ही कामे एकाच ओळीत पाहायची असतील तर ईशावास्याचा सोळावा मंत्र घ्या : ‘योऽसावसौ पुरुषः सोऽहमस्मि’. मंत्रात सूर्याला हाक मारली आहे, त्यामुळे ‘असौ’ने त्या दूरच्या पण दिसणाऱ्या मंडलाकडे निर्देश होतो, तर ‘सः’ फक्त आरंभीच्या ‘यः’ला उत्तर देतो. इथे ‘असौ’ आणि ‘सः’ यांची अदलाबदल केली तर वाक्यच उभे राहत नाही.

वाचक, अंबाजोगाई :
‘यत्’ नसल्यामुळे ‘तत्’ नाही, हे पटले. पण सूर्य दिसतो, ब्रह्म दिसत नाही. मग ‘अदः’ म्हणताना हात नेमका कशाकडे करायचा? आणि आचार्यांचे ‘परोक्ष’ कसे घ्यायचे?

व्याकरणाचा विद्यार्थी, परभणी :
आचार्यांच्या वाक्याचा माझा अर्थ असा : नामरूपात व्यवहाराला आलेले ते ‘इदम्’, आणि त्याच्या पलीकडचे, इंद्रियांच्या पोचेबाहेरचे ते ‘अदः’. कारिकेतले ‘परोक्ष’ संभाषणापुरते आहे, भाष्यातले ज्ञानाच्या संदर्भातले. शब्द एक असला तरी मोजमाप वेगळे आहे. हा माझा तर्क आहे, भाष्याचे वाक्य नव्हे.

हात कशाकडे, यासाठी शांतिमंत्र म्हणून सुटा पाठ सोडून मूळ जागी पाहा. तिथे लगेच पुढे ‘ॐ खं ब्रह्म, खं पुराणम्’ असे आहे, आणि ‘वायुरं खम्’, म्हणजे ज्यात वायू वाहतो ते आकाश, असे कौरव्यायणीपुत्राचे मत नोंदले आहे. ते मत धरले तर ‘अदः’ म्हणणाऱ्याचा हात वरच्या आकाशाकडे जाऊ शकतो, आणि कारिकेतले ‘विप्रकृष्ट’ अक्षरशः लागू पडते.

छंदोभ्यासी :
‘तद्वै’चा पर्याय माझ्या ध्यानात आला नव्हता, तेवढे मागे घेतो. परंतु भाष्यात ‘खं पुराणम्’ म्हणजे शाश्वत परमात्मा असाच अर्थ घेतला आहे आणि वायूचे आकाश हे निराळे मत म्हणून येते. तेव्हा आकाशाकडे हात नेणे भाष्याला धरून नाही.

वाचक, अंबाजोगाई :
येत्या एकादशीला मंत्र आणि ‘खं ब्रह्म’ सलग वाचू, आधी भाष्य बाजूला ठेवून आणि मग भाष्यासह. माध्यंदिन शाखेच्या पाठात या जागी काही फरक आहे का, हे कोणी ताडून पाहिले असल्यास कृपया लिहावे.